चौघींचे स्वयंपाकघर, एकच बिल : फ्लॅटमेटना पाठवायचा मसुदा वाचून मत द्यावे

मागचीखोली

नमस्कार. आम्ही चौघी भाड्याच्या एका घरात राहतो. महिनाअखेरीस किराण्याच्या सगळ्या बिलांची बेरीज करायची आणि तिला चाराने भागायचे, एवढाच आमचा आजवरचा नियम होता. मागच्या महिन्यात मी फ्रिजच्या दारावर एक कागद लावला, त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि घरी जेवल्यावर प्रत्येकीने आपल्या नावापुढे एक रेघ ओढावी अशी विनंती केली. महिना संपल्यावर त्या रेघा मोजल्या तेव्हा मला फार अस्वस्थ वाटले. म्हणून तिघींना पाठवण्यासाठी पुढील मसुदा तयार केला आहे. नावांऐवजी अ, ब, क, ड लिहिले असून त्यातली अ म्हणजे मी. आकडे हिशेब समजावा म्हणून पूर्णांकात आणले आहेत, पण त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण खरे आहे.

*मसुदा*

ब, क आणि ड,

मागच्या महिन्यात सामाईक किराण्यावर 9,600 खर्च झाले आणि नेहमीप्रमाणे प्रत्येकीच्या वाट्याला 2,400 आले. कागदावरच्या रेघा मात्र असे सांगतात की घरी मी 52 वेळा जेवले, ब 40 वेळा, क 20 वेळा आणि ड 48 वेळा. म्हणजे रात्रपाळीमुळे बहुतेक वेळा बाहेर जेवणाऱ्या क ला घरचे एक जेवण 120 ला पडले आणि मला तेच जेवण सुमारे 46 ला पडले. क ने याबद्दल कधी एका शब्दाने तक्रार केलेली नाही. पण तिने तक्रार केली नाही म्हणून ही वाटणी योग्य ठरत नाही, आणि माझ्या जेवणाचा भार इतके महिने ती उचलत होती हे कळल्यावर मला गप्प बसवत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की यापुढे खर्चाचे दोन भाग करावेत. मीठ, साखर, मसाले, भांड्यांचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या अशा, कोणी किती वापरले हे मोजणे अशक्य असलेल्या वस्तू पहिल्या भागात धराव्यात आणि तो भाग चौघींत सारखा वाटावा. धान्य, डाळी, तेल, भाज्या, दूध, अंडी हा दुसरा भाग रेघांच्या प्रमाणात वाटावा. मागच्या महिन्यात पहिला भाग 1,600 होता, म्हणजे प्रत्येकी 400. उरलेल्या 8,000 ला 160 रेघांनी भागले की एका जेवणाचे 50 होतात. त्यानुसार माझा वाटा 3,000 होतो, ब चा 2,400, क चा 1,400 आणि ड चा 2,800.

दुकानात प्रत्यक्ष पैसे कोणी दिले हा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे आणि तो शेवटी सोडवायचा. मागच्या महिन्यात मी 5,200 भरले होते, ब ने 3,400, ड ने 1,000 आणि क ने काहीच नाही. भरलेल्या रकमेतून आपापला वाटा वजा केला की मला 2,200 येणे निघते, ब ला 1,000 येणे, क कडे 1,400 देणे आणि ड कडे 1,800 देणे. ड ने मला 1,800 द्यावेत आणि क ने मला 400 व ब ला 1,000 द्यावेत, म्हणजे तीन व्यवहारांत हिशेब चुकता होतो. दरवेळी प्रत्येकीने प्रत्येकीला किरकोळ रकमा देत बसण्याची गरज राहत नाही.

फ्रिजमधला मधला कप्पा सामाईक असावा आणि वरचा खासगी. खासगी कप्प्यातली वस्तू विचारल्याशिवाय कोणी घेऊ नये, आणि विचारून घेतली तर ती दोन दिवसांत भरून द्यावी. पाहुणे जेवायला आले तर त्यांच्या रेघा यजमान मैत्रिणीच्या नावापुढे पडाव्यात. रात्री जेवायला नसल्याचे दुपारी 4 पर्यंत कळवले तर तो खाडा धरावा, आणि त्यानंतर कळवले तर रेघ ओढली जावी, कारण तोवर धान्य भिजत घातलेले असते.

या बदलाने माझा खर्च वाढतो आणि क चा कमी होतो, हे मी मुद्दाम आधीच सांगते. तुम्हा तिघींना पटले तरच पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून हे सुरू करावे.

*मसुदा समाप्त*

यात काही चुकते आहे का, किंवा वाचताना कोणाला टोचेल असे काही आहे का, हे कृपया सांगावे.

निळीशाई

मसुद्याची भाषा चांगली आहे. पण इतके गणित करण्याची गरज आहे का? महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येकीने ठरावीक रक्कम एका डब्यात टाकावी, सगळा किराणा त्या डब्यातून आणावा आणि संपले की पुन्हा सारखी भर घालावी. आम्ही तीन वर्षे असेच केले आणि कोण कोणाचे देणे लागते हा प्रश्न एकदाही आला नाही.

जमाखर्च

निळीशाई, तुमच्या डब्याने अर्धा प्रश्न सुटतो. पैसे आगाऊ जमा असल्यामुळे कोणा एकीच्या खिशावर ताण येत नाही आणि महिनाअखेरीची उधारीही राहत नाही, हे खरे आहे. पण कोणी किती खाल्ले हे डब्याला कळत नाही. सारखी रक्कम टाकायची म्हणजे सारखीच वाटणी झाली, आणि क ला तिथेही एक जेवण 120 लाच पडले असते. मागचीखोली यांनी वाटा आणि भरणा हे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत, आणि माझ्या मते मसुद्यातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे.

वसतिगृहाच्या मेसचा हिशेब मी तीन वर्षे सांभाळला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की मसुद्यात एक मोठी उणीव आहे. 9,600 ही महिन्याभराची खरेदी आहे, महिन्याभराचा वापर नाही. धान्याचे मोठे पोते किंवा तेलाचा मोठा डबा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणला असेल, तर त्यातले बरेचसे पुढच्या महिन्यात खाल्ले जाणार असते. त्याचा खर्च मात्र या महिन्याच्या रेघांवर चढतो. चारही जणी दर महिन्याला जवळपास तेवढ्याच वेळा जेवत असतील तर हे कालांतराने भरून निघते. पण क ची पाळी बदलली आणि ती पुढच्या महिन्यात 50 वेळा जेवली, किंवा कोणी घर सोडले, तर ती चूक पुन्हा सुधारता येत नाही.

मागच्या महिन्याच्या शेवटी कपाटात साधारण किती माल उरला होता?

मागचीखोली

हा विचार माझ्या मनातच आला नव्हता. 27 तारखेला मी धान्याचे पोते आणि तेल आणले होते, आणि त्यातले जवळजवळ सगळे शिल्लक आहे. अंदाजे 1,200 चा माल असेल.

जमाखर्च

मग जेवणांवर वाटायचा भाग 8,000 नसून 6,800 होतो, आणि एका जेवणाचे 42.50 पडतात. सारखे वाटायचे 400 मिळवले तर तुमचा वाटा 2,610, ब चा 2,100, क चा 1,250 आणि ड चा 2,440 होतो. यांची बेरीज 8,400 येते, म्हणजे 9,600 मधून शिल्लक 1,200 वजा केल्यावर जे उरते तेवढीच. ती बेरीज जुळली की हिशेबात कुठे गळती नाही हे कळते.

त्या 1,200 चे पुढे काय करायचे यात बहुतेक जण गोंधळतात. तो माल तुम्ही आणला होता, तेव्हा या महिन्याच्या तुमच्या भरण्यातून 1,200 काढा आणि पुढच्या महिन्याच्या कागदावर तुमच्या नावापुढे पहिल्याच ओळीत 1,200 भरले असे लिहा. मग या महिन्यात तुमचा भरणा 4,000 धरला जाईल आणि तुम्हाला 1,390 येणे राहील. ब ला 1,300 येणे, क कडे 1,250 देणे आणि ड कडे 1,440 देणे. दोन्ही बाजू 2,690 ला जुळतात.

माल मोजताना मात्र फार खोलात जाऊ नका. अर्धी भाजी, दुधाची उघडी पिशवी यांची किंमत लावत बसलात तर दोन महिन्यांत सगळ्या कंटाळतील. ज्या वस्तू महिनाभराहून जास्त टिकतात आणि किमतीने मोठ्या आहेत अशा चार-पाचच निवडा. महिन्याच्या शेवटच्या रात्री डबा उघडून पाव, अर्धा, पाऊण की भरलेला, एवढेच लिहा.

पायरीवरची

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमच्याकडे जेवणाचा हिशेब कधीच अडला नाही, भांडण झाले ते दुधावरून. मी दुधाच्या बाटलीवर पेनाने पातळीची रेघ ओढून ठेवत असे आणि सकाळी दूध त्या रेघेच्या दोन बोटे खाली असे. कोणीही कबूल होत नसे. शेवटी मी माझ्या खोलीत छोटा फ्रिज घेतला. म्हणून माझा सल्ला असा की टीटीएमएम करावे, प्रत्येकीने आपापले आणावे आणि आपापले शिजवावे. सामाईक काही ठेवूच नये.

अबोली

पायरीवरची, तुमचा त्रास मी समजू शकते, पण इथला प्रश्न चोरीचा नाही. त्यांच्या घरात सगळ्या मोकळेपणाने एकत्र जेवतात आणि वाटणी योग्य व्हावी एवढीच त्यांची इच्छा आहे. शिवाय चौघींनी चार वेगळ्या भाज्या शिजवल्या तर चार वेळा शेगडी पेटते आणि फ्रिजमध्ये चार अर्धवट पिशव्या सडतात. एकत्र स्वयंपाक स्वस्त पडतो तो यामुळेच.

मला मात्र सारख्या वाटायच्या 1,600 बद्दल शंका आहे. 20 वेळा जेवणाऱ्या क ला त्यात प्रत्येक जेवणामागे 20 पडतात आणि 52 वेळा जेवणाऱ्या मागचीखोली यांना आठसुद्धा पडत नाहीत. म्हणजे जो अन्याय दूर करायचा आहे तोच इथे लहान आकारात शिल्लक राहतो. भांड्यांचा साबण मोजता येत नाही हे मान्य आहे, पण जो जास्त वेळा जेवतो त्याची भांडीही जास्त पडतात.

जमाखर्च

अबोली यांचा मुद्दा बरोबर आहे. मी एक कसोटी वापरत असे ती सांगतो. एखादी व्यक्ती पूर्ण महिनाभर गावाला गेली असती तर हा खर्च कमी झाला असता का, असा प्रश्न विचारायचा. थोडा जरी कमी झाला असता तर तो जेवणांकडे टाकायचा. तेवढाच झाला असता तर सारखा वाटायचा. या कसोटीवर साबण, साखर, मसाले हे सगळे जेवणांकडेच जातात. सारख्या भागात कचऱ्याच्या पिशव्या, पाण्याच्या फिल्टरचा भाग अशा मोजक्या वस्तू उरतात. मीठ इतके स्वस्त असते की ते कुठेही टाकले तरी फरक पडत नाही.

मागचीखोली

या कसोटीने पाहिले तर 1,600 पैकी 1,000 तरी जेवणांकडे वळतील. मी तसा बदल करते. "मोजणे अशक्य" हे कारण मी पुरेसा विचार न करता लिहिले होते.

निळीशाई

एक प्रामाणिक प्रश्न आहे. रेघ ओढायला कोणी विसरले तर? आणि मुद्दाम विसरले तर? आमच्या घरात असा कागद लावला असता तर आठवडाभरात तो कोरा राहिला असता.

मागचीखोली

पहिल्या महिन्यात आमच्याकडेही तसे झाले. दुसऱ्या आठवड्यात ड च्या नावापुढे सलग चार दिवस एकही रेघ नव्हती, आणि त्यातल्या तीन रात्री ती माझ्या शेजारी बसून जेवली होती हे मला आठवत होते. मी तिला विचारले तेव्हा तिने लगेच रेघा ओढल्या. तिच्या मनात काही वाईट नव्हते. ती उशिरा येते, जेवून ताट घासते आणि थेट झोपायला जाते, तेव्हा कागद तिच्या वाटेत येतच नाही.

जमाखर्च

यावर माझा उपाय असा की खाल्ल्याची रेघ न ओढता न खाल्ल्याचा खाडा लिहावा. आधीच असे धरायचे की प्रत्येकजण रोज दोन्ही वेळा जेवणार, आणि ज्याला जेवायचे नाही त्याने त्या तारखेपुढे खाडा मांडायचा. मग विसरण्याचा तोटा विसरणाऱ्यालाच होतो, इतरांना होत नाही. ज्याचे नुकसान होते तो हळूहळू स्वतःहून लिहायला लागतो. खाडा कळवण्याची वेळ तुम्ही 4 ठेवली आहे, ती याच्याशी जुळतेच.

अबोली

पण क ला यात रोजचा त्रास होईल ना? ती महिन्यात 20 वेळा जेवते, म्हणजे तिला जवळपास 40 खाडे लिहावे लागतील. जी सगळ्यात कमी खाते तिच्यावरच सगळ्यात जास्त लिहिण्याचे काम येते, आणि ती विसरली तर पुन्हा तिचेच नुकसान. मला हे पटत नाही.

जमाखर्च

हे मला सुचले नव्हते. मेसमध्ये बहुतेक सगळे रोज जेवत, म्हणून तिथे खाडे थोडे असत आणि ती पद्धत सोयीची होती. क पुरते उलटे करता येईल. बाकी तिघींनी खाडे लिहावेत आणि क ने रेघा ओढाव्यात. पण एकाच कागदावर दोन पद्धती आल्या की महिनाअखेरीस मोजताना चुका होतील, हेही खरे. मी होकार देत नाही आणि नकारही देत नाही. एक महिना करून पाहा.

मागचीखोली

क ची पाळी आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरते. तिने रविवारी संध्याकाळी तिच्या सातही दिवसांचे खाडे एकदाच मांडून ठेवले तर? बदल झाला तरच पुन्हा कागदाकडे यावे लागेल.

अबोली

हे चांगले आहे.

पायरीवरची

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे असे मला वाटते. बिले कुठे ठेवता? आम्ही ती शेगडीच्या वरच्या कप्प्यात एका पाकिटात ठेवत होतो. महिनाअखेरीस उघडले तर निम्मी बिले कोरी झाली होती. दुकानातल्या यंत्रातून निघणारा तो गुळगुळीत कागद उष्णतेने उडतो. आम्ही दोघी एक संपूर्ण संध्याकाळ आठवून आठवून आकडे लिहीत बसलो होतो, आणि शेवटी दोघींनाही वाटले की आपणच जास्त दिले.

जमाखर्च

पायरीवरची यांनी फार उपयोगाची गोष्ट सांगितली. त्या कागदावर शाई नसते, उष्णता लागून काळा पडणारा थर असतो, म्हणून गरम जागी किंवा उन्हात ठेवला की अक्षरे जातात किंवा सगळाच कागद काळवंडतो. बिल ज्या दिवशी आणले त्याच दिवशी त्याचा फोटो काढून चौघींच्या ग्रुपवर टाकावा. त्याआधी आणखी एक करावे. बिलात शाम्पू किंवा स्वतःची गोळ्या-बिस्किटे असतील तर त्यांना पेनाने गोल करावा आणि सामाईक रक्कम बिलाच्या खाली हाताने लिहावी. फोटोत तोच आकडा दिसला पाहिजे. पूर्ण बिलाची रक्कम टाकून "त्यातले माझे नंतर वजा करते" असे म्हटले की ते नंतर कधी होत नाही.

निळीशाई

माझी अजून एक अडचण आहे. रेघ म्हणजे एक जेवण, पण सगळ्यांचे जेवण सारखे नसते. माझी एक फ्लॅटमेट व्यायाम करायची आणि माझ्या दुप्पट खायची. अंडी तर ती एकटीच अर्धी संपवायची. तिची एक रेघ आणि माझी एक रेघ सारखी कशी?

जमाखर्च

ताटातले मोजायला लागलात तर घरात सुखाने जेवता येणार नाही. धान्य आणि भाजीत दीडपट-दुप्पट फरक पडला तरी पैशांत तो फार दिसत नाही. फरक पडतो तो मोजक्या महाग वस्तूंमुळे. अंडी एकटीच जास्त खात असेल तर अंडी सामाईक यादीतूनच काढावीत आणि तिने ती आपल्या कप्प्यात ठेवावीत.

निळीशाई

अंड्यांबाबत पटले. पण धान्याबाबत मला अजून पटलेले नाही. आमच्या घरात तो फरक दिसण्याइतका मोठा होता.

अबोली

आणि स्वयंपाक कोण करते? हे मसुद्यात कुठेच नाही. चौघींपैकी दोघीच रोज शिजवत असतील आणि बाकी दोघी फक्त रेघ ओढत असतील, तर 42.50 मध्ये त्यांच्या श्रमाचा हिशेब नाही. काही घरांत शिजवणाऱ्याच्या रेघा कमी धरतात असे मी ऐकले आहे. पण मला ते नकोसे वाटते, कारण मग घरातले जेवण नोकरीसारखे होते. तुमचे काय मत आहे?

मागचीखोली

आमच्याकडे बहुतेक वेळा मी आणि ड शिजवतो. ब भांडी घासते आणि बाजारातून सामान आणते. क ला वेळ मिळेल तेव्हा ती ओटा आणि शेगडी घासून ठेवते, आणि ते काम ती आम्हा तिघींपेक्षा जास्त नीट करते. माझ्या रेघा कमी धराव्यात असे मला वाटत नाही. पण ड ला काय वाटते हे मी तिला कधी विचारलेले नाही, आणि तिच्या वतीने मी ठरवणे बरोबर होणार नाही. मसुद्यात तेवढाच एक प्रश्न तिच्यासाठी मोकळा ठेवते.

बाकीचे बदल केले आहेत. सारखा भाग 600 वर आणला, शिल्लक मालाची ओळ घातली, बिलाचा फोटो त्याच दिवशी टाकण्याचा नियम घातला आणि रेघांऐवजी खाडे ठेवले. क चे खाडे रविवारी. पायरीवरची यांच्या दुधाची गोष्ट वाचून खासगी कप्प्याच्या नियमाचे शब्दही बदलले. "कोणी घेऊ नये" च्या जागी आता "घेतले असेल तर त्याच दिवशी सांगावे" असे लिहिले आहे, कारण रात्री उशिरा भूक लागली आणि विचारायला कोणी जागे नसले तर काय करावे हे आधीच्या वाक्यात नव्हते.

अबोली

सगळ्यांना एकदम ग्रुपवर पाठवण्याआधी क ला एकटीला दाखवा असे मला वाटते. तिच्या 120 चा आकडा तिने सगळ्यांसमोर पहिल्यांदा वाचू नये.

मागचीखोली

हो. ती आज पहाटे कामावरून येईल. फ्रिजवरचा जुना कागद मी काढलेला नाही. तिच्यासमोरच रेघा पुन्हा मोजेन, म्हणजे माझ्या मोजण्यात चूक असेल तर तीही तिलाच आधी दिसेल.